ताण्यातला दोष आणि बाण्यातला दोष
(स्मृतिव्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, ते निबंधाची वही तपासताना आधी हातात लेखणी घेत नसत. वही पूर्ण वाचून बाजूस ठेवीत आणि मग शाईची दौत उघडीत. आजच्या विषयाचे मर्म त्यांच्या या सवयीतच आहे. विषय साधा आहे. स्वतःच्या खर्चाने छापावयाच्या पुस्तकाचे हस्तलिखित समोर आले, की त्याची बांधणीच पुन्हा करावयाची, की केवळ वाक्ये दुरुस्त करावयाची, हे कशावरून ठरवावे?

प्रकाशकाकडे जाणाऱ्या लेखकासाठी हा निर्णय दुसरा कोणी घेतो. 'मौज' आणि 'सत्यकथा' यांच्या श्री. पु. भागवतांनी व राम पटवर्धनांनी लेखकांशी दीर्घ पत्रव्यवहार करून हस्तलिखिते पुन्हा लिहवून घेतली, हे आपणांस ठाऊक आहे. स्वतः पुस्तक काढणाऱ्याला असा माणूस मिळत नाही. त्याच्यासमोर असतो तो मुद्रक, आणि मुद्रक विचारतो ते एवढेच, की प्रती किती आणि कागद कोणता?

चार वर्षांपूर्वी पर्वत पाटियातलेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. खानदेशातून ताप्तीच्या काठाकाठाने येणाऱ्या गाडीत बसून ते तरुणपणी सुरतेत आले आणि पस्तीस वर्षे यंत्रमागावर राबले. त्यांनी बावीस प्रकरणांचे, दोनशे चाळीस हस्तलिखित पानांचे आत्मकथन लिहिले होते. पत्नीच्या प्रथम वर्षश्राद्धाला पुस्तक हाती यावे, अशी त्यांची इच्छा. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतले पैसे त्यांनी वेगळे काढून ठेवले होते. म्हणाले, "सर, शुद्धलेखन तेवढे बघून द्या. बाकी सगळं तयार आहे."

या 'बाकी सगळं तयार आहे' पाशी मी सावध झालो, कारण पूर्वी एकदा मी याच वाक्यावर विश्वास ठेवला होता. माझ्या एका स्नेह्याच्या पुस्तकाचे मी केवळ ऱ्हस्वदीर्घ आणि वाक्ये तपासली. भाषा स्वच्छ झाली, पुस्तक देखणे निघाले, आणि भेट म्हणून घेतलेले कोणी ते चाळीस पानांपुढे वाचीना. उरलेल्या प्रती त्याच्या खाटेखाली कित्येक वर्षे पडून होत्या. ती चूक माझी होती. आजारी माणसाला मी नवे कपडे शिवून दिले होते.

म्हणून या वेळी पहिले वाचन लेखणीविना केले. अडखळलो तेथे समासात नुसती टिंबे दिली, कारण लिहिली नाहीत. वाचन संपल्यावर दोन दिवस वही बंद ठेवली. मग एका कागदावर, 'हे पुस्तक कशाविषयी आहे?' याचे एका वाक्यात उत्तर लिहिले. तोच प्रश्न लेखकाला विचारून त्यांचेही उत्तर लिहून घेतले. माझे उत्तर होते, 'एका मागकामगाराची नोकरी'. त्यांचे होते, 'माझ्या बायकोने घर कसे उभे केले'. दोन उत्तरांत शब्दांचा फरक असेल तर चिंता नसते. येथे विषयच वेगळा होता. लेखकाला जे सांगावयाचे होते, ते पुस्तक सांगत नव्हते.

तरीही एवढ्यावरून निर्णय देणे घाईचे झाले असते. पुढची पायरी म्हणजे तक्ता. आडव्या रेघांच्या कागदावर प्रत्येक प्रकरणाला एक ओळ दिली आणि तीत तीन गोष्टी लिहिल्या : प्रकरणात काय घडते, वाचकाला नवे काय कळते, आणि हे कळण्यासाठी आधीचे कोणते प्रकरण वाचलेले असावे लागते. बावीस ओळींना एक संध्याकाळ लागली. एरवी दोनशे चाळीस पानांत जे दिसत नव्हते, ते या एका कागदावर दिसले. पहिली तीन प्रकरणे वंशावळीची, आणि त्यांवर पुढचे एकही प्रकरण अवलंबून नाही. १९९४ च्या प्लेगचे दिवस चौदाव्या प्रकरणात आले आहेत, आणि आठवण म्हणून अठराव्यात जवळजवळ तसेच पुन्हा. पंधरावे व सोळावे प्रकरण एकाच खोलीविषयी. ज्या पत्नीसाठी पुस्तक लिहिले, तिचे नाव प्रथम येते सतराव्या प्रकरणात. आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सुटून शहर बुडाले, तेव्हा तिने माळ्यावर चढवून वाचविलेल्या ट्रंकेचा प्रसंग एकोणिसाव्यात, अवघ्या दीड पानात.

आता समासातल्या टिंबांकडे वळलो. प्रत्येक टिंबापाशी एकच प्रश्न विचारला : या दोषाचे कारण याच पानावर आहे का? कर्ता-क्रियापद जुळत नाही, 'आणि' चार वेळा आले, वाक्य तेरा ओळींचे झाले, तर कारण तेथेच असते. पण ट्रंकेचा प्रसंग वाचताना मन हलले नाही, याचे कारण त्या पानावर नव्हते. ती ट्रंक कोणाची, तीत काय होते, ती बाई कोण, हे आधी कोठेच सांगितलेले नव्हते. कारण शंभर पाने मागे होते.

हे मी लेखकांना समजावू लागलो, तेव्हा त्यांनीच मला थांबविले. म्हणाले, "सर, म्हणजे ताण्यातला फॉल्ट आहे, बाण्यातला नाही." त्यांनी सांगितलेले तसेच सांगतो. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा चुकला, तर कापडावर एका ठिकाणी आडवी रेघ उठते आणि पुढे कापड ठीक निघते. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटून तसाच राहिला, तर थान संपेपर्यंत ती उभी रेघ चालत राहते. ती कापडावर पुसून जात नाही. माग थांबवून मागे जाऊन धागा जोडावा लागतो. माझ्या विषयाची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात आढळलेली नाही.

शंका उरू नये म्हणून आणखी दोन कसोट्या लावल्या. पहिली अशी, की बारावे प्रकरण घेऊन त्यातली दहा पाने वाक्यन् वाक्य दुरुस्त केली, स्वच्छ लिहून काढली आणि आठ दिवसांनी पुन्हा वाचली. ती चांगली झाली होती. तेथे काम वाक्यांचेच होते. मग एकोणिसावे तसेच केले. भाषा सुधारली, पण प्रसंग थंडच राहिला. दुरुस्तीनंतरही दोष जागचा हलत नसेल, तर तो दोष वाक्यांचा नव्हे.

दुसरी कसोटी वाचकांची. तिघांना वही वाचावयास दिली. 'कसे वाटले?' असे विचारले नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर शिष्टाचाराने 'छान' असेच येते. सांगितले एवढेच, की वही जेथे खाली ठेवाल तेथे पेन्सिलीने खूण करा. वेगवेगळे वाचक वेगवेगळ्या जागी थांबले, तर त्या बहुधा वाक्यांच्या अडचणी असतात. येथे तिघांपैकी दोघे तिसऱ्या प्रकरणात आणि तिघेही सोळाव्यात थांबले होते. निर्णय झाला.

'पुनर्रचना' हा शब्द ऐकून ते गृहस्थ खचले. त्यांना वाटले, सारे पुन्हा लिहावयाचे. म्हणून तक्त्यावरच हिशेब मांडला. बावीसपैकी तेरा प्रकरणे तशीच राहतील. त्यांची वाक्ये मागाहून पाहू. वंशावळीची तीन प्रकरणे गळतील आणि त्यांच्या जागी शेवटी दोन पानांचा वंशवृक्ष येईल. चौदावे-अठरावे आणि पंधरावे-सोळावे अशा दोन जोड्यांची दोन प्रकरणे होतील. सतरावे व एकोणिसावे पुन्हा लिहावयाचे. आणि पत्नी सुरतेत प्रथम आली त्या दिवसाचे एक नवे प्रकरण आरंभीच घालावयाचे. एकूण अठरा प्रकरणे. खरोखर नव्याने लिहावयाची ती तीनच. बांधणी बदलणे म्हणजे घर पाडणे नव्हे. बहुतेक वेळा एखादी भिंत काढून दार दुसरीकडे बसवावे लागते.

क्रमाविषयी एक व्यावहारिक गोष्ट. बांधणी आधी, वाक्ये नंतर. उलट केले, तर जी पाने गळणार आहेत त्यांच्यावरही श्रम आणि पैसा खर्च होतो. शिवाय एकदा घासूनपुसून सुबक केलेले पान काढून टाकण्यास लेखकाचे मन धजत नाही. आणि ही दोन्ही कामे अक्षरजुळणीच्या आधी व्हावयास हवीत. त्यांचे पुस्तक एकशे साठ छापील पानांचे, म्हणजे सोळा पानी दहा फर्म्यांचे होणार होते. पाने लागल्यावर मध्ये एक प्रकरण घातले, की पुढचे सारे पृष्ठांक आणि अनुक्रमणिका हलते, फर्म्यांचा हिशेब बदलतो आणि खर्च लेखकाच्या खिशातून जातो. म्हणून प्रकाशनाची तारीख ठरवून मग हस्तलिखित तपासावयास आणू नये.

आता या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर ती हत्याराप्रमाणे चालविली जाईल. त्याच सुमारास एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या आठवणींची वही माझ्याकडे आली. कालक्रम नाही, आज बालपण तर उद्या सून घरात आलेली. पहिल्या नजरेस वाटले, हीही मोडून बांधावी. पण तक्ता केला तेव्हा दिसले, की एकही प्रकरण दुसऱ्यावर अवलंबून नाही, एकही प्रसंग दोनदा येत नाही, आणि प्रत्येक आठवण स्वतःच्या पायांवर उभी आहे. वाचकांच्या खुणाही विखुरलेल्या होत्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, तिचे नावच सांगते की ही चित्रांची माळ आहे. अशा लेखनात सैलपणा हीच बांधणी असते. बाईंच्या वहीला मी केवळ वाक्यांची दुरुस्ती सुचविली. ती मोडावी असे मला वाटले होते, तो माझ्या आवडीचा प्रश्न होता, वहीचा नव्हे. दोष दाखविताना 'वाचकाला येथे अमुक कळत नाही' असे वाक्य लिहिता आले पाहिजे; ते लिहिता येत नसेल, तर आपण आपली आवड लादीत आहोत असे समजावे.

आणि वाक्यांच्या दुरुस्तीलाही कुंपण हवे. बाईंच्या वहीत आजीचे बोलणे अहिराणीत होते. ते प्रमाण मराठीत आणण्याचा सल्ला त्यांना कोणी दिला होता. मी म्हटले, शुद्धलेखन निवेदनाचे पाहू. आजीची जीभ आजीची राहू द्या. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली, ती खानदेशच्या बोलीतच. त्या बोलीवर कोणी इस्त्री फिरविली असती, तर हाती काय उरले असते, याचा विचार करावा.

ते मागकामगार गृहस्थ घरी गेले आणि पाच महिने आले नाहीत. मला वाटले, रागावले. वर्षश्राद्धाची तारीख टळून गेली. मग एके दिवशी आले, आणि नवे पहिले प्रकरण माझ्यापुढे ठेवले. स्टेशनवर उतरलेली सतरा वर्षांची मुलगी, तिच्या हातातली हिरवी पत्र्याची ट्रंक, आणि तीत तिच्या आईने घातलेले जात्यावरचे पीठ. मी एकोणिसावे प्रकरण काढून पुन्हा वाचावयास घेतले. त्यातला एकही शब्द त्यांनी अजून बदलला नव्हता. तेच दीड पान होते. पण पाणी माळ्याला लागले आणि ती ट्रंक वर गेली, तेव्हा मला चष्मा काढून ठेवावा लागला.

त्यानंतर आम्ही शुद्धलेखन पाहावयास बसलो.