हातावरचं गोंदण : विंचू की तुळस?

(चिखली येथे राहणाऱ्या आपल्या डोंगरातल्या कुटुंबांच्या बैठकीत झालेलं बोलणं. फोटो सायक्लोस्टाईलवर काळा येतो, म्हणून त्यातलं गोंदण स्टेन्सिलवर रेघांनी काढून शेजारी दिलं आहे. गावात वाचताना ते चित्र समोर धरावं.)

आयाबायांनो, भावांनो,

हा फोटो आपल्यातल्याच एका आजीच्या डाव्या हाताचा आहे. आजी भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीतली. मुलगा इथं कंपनीत कंत्राटावर लागला, म्हणून तीही चिखलीत चाळीत येऊन राहिली. आज ती पुढंच बसली आहे. तिला विचारूनच हा फोटो दाखवते आहे.

फोटोत कोपरापासून मनगटापर्यंत तीन गोष्टी दिसतात. कोपराजवळ एक उभी रेघ, तिला दोन्ही बाजूंनी फाटे आणि एका टोकाला चौकोनासारखा डाग. त्याच्या खाली पाच ठिपके, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. आणि मनगटाजवळ एक उभी रेघ, तिला एकाच बाजूला दोन फाटे.

आता हा फोटो का निघाला ते सांगते. आजीच्या नातवाच्या दाखल्याची पडताळणी चालू होती. एका कार्यालयात त्याला घरच्या चालीरीती विचारल्या. देव कोणता, लग्न कसं लागतं, मयताला काय करता, असं सगळं. त्यानं आजीच्या गोंदणाचा फोटो दाखवला. समोरचे साहेब म्हणाले, "ही तर वृंदावनातली तुळस. हे कुणब्याच्या घरात असतं, तुमच्यात कुठनं आलं?" पोरगा गप्प झाला. त्याला उत्तर माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मलाही ती तुळसच वाटली.

मग मी आजीकडं गेले आणि विचारलं, "आजी, ही तुळस ना?" आजी हसली. म्हणाली, "अगं पोरी, तुळस कसली? इच्चू हाय तो. फोटो उलटा धरलास तू."

तिनं हात खाली सोडला आणि बोट ठेवून दाखवलं. फोटो काढताना हात वर उचललेला होता, बोटं आभाळाकडं. त्यामुळं चौकोनी डाग खाली आला आणि वृंदावनासारखा दिसला. त्याच्यावरचे फाटे फांद्यांसारखे दिसले. पण डागाच्या दुसऱ्या टोकाला बघा. तुळशीचा शेंडा असता तर तिथं एक टोक किंवा मंजिरीचे ठिपके असते. इथं दोन आकडे आहेत, बाहेर वळलेले, आणि प्रत्येकाचं तोंड फाटलेलं. ते विंचवाचे पुढचे दोन चिमटे. मधले फाटे मोजले तर एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. ते आठ पाय. आणि तो चौकोन म्हणजे वळवलेली नांगी.

नांगीचा चौकोन कसा झाला? त्यासाठी गोंदतात कसं ते आठवा. दिव्याच्या ज्योतीवर खापर धरून काजळ जमवायचं. ते पाण्यात, दुधात नाहीतर पाल्याच्या रसात कालवायचं. त्याचं चित्र कातडीवर काढायचं आणि दोन-तीन सुया एकत्र बांधून, पूर्वी बाभळीच्या काट्यानं, त्या रेघेवर टोचत जायचं. रक्त येतं, ते पुसायचं, वर काजळ चोळायचं, मग हळद-तेल लावायचं. हात सुजतो. आठेक दिवसांत खपली पडते. वरची कातडी झडून नवी येते, पण काजळ खालच्या थरात बसलेलं असतं, ते तिथंच राहतं. काजळ काळंच असतं. कातडीतून बघितल्यामुळं ते आपल्याला हिरवं-निळं दिसतं.

पण ते खाली अगदी जागच्या जागी राहत नाही. वर्षं जातील तशी रेघ पसरते. पन्नास वर्षांपूर्वी सुतासारखी असलेली रेघ आज काडीएवढी जाड होते. जवळजवळच्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात. आजीच्या विंचवाची नांगी आत वळवलेली होती, मधे मोकळी जागा होती. ती जागा भरली आणि डाग झाला. म्हणून म्हाताऱ्या हातावरच्या भरीव डागाला लगेच नाव देऊ नये. तो आधी पोकळ होता का, हे ज्याच्या अंगावर आहे त्यालाच ठाऊक असतं.

आता विंचू का? आजीचं म्हणणं असं, की हातावर इच्चू असला की इच्चू चावत नाही, चावला तरी विष वर चढत नाही. विंचवाच्या गोंदणाचा हा अर्थ बऱ्याच ठिकाणी सांगतात, विदर्भातल्या गोंडांकडंही आणि पलीकडं मध्य प्रदेशातही. आपल्या बाया लाकूडफाटा उचलतात, दगडाखाली हात घालतात, गोवऱ्या काढतात. विंचू पहिला भेटतो तो हातालाच, म्हणून राखणदारही हातावरच. हा त्या खुणेचा अर्थ झाला. तो औषध नाही, हे आजीलाही कळतं. तिच्या मुलाला लाल विंचू चावला तेव्हा तिनं गोंदणावर भरवसा ठेवला नाही, त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन नावाची गोळी वापरून माणसं वाचवली. घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, की वेळ न घालवता दवाखान्यातच जायचं.

मधल्या पाच ठिपक्यांना काही बाया पाच पांडव म्हणतात. काही नुसतं फूल म्हणतात. आजी म्हणाली, "माझ्या आयनं दाणे सांगितले. घरात दाणा ऱ्हावा म्हणून." तीन बायांच्या हातावर तेच पाच ठिपके आणि तीन अर्थ. यातला खरा कोणता, हा वादच नको. ठिपका ही सगळ्यात साधी खूण आहे आणि ती कुठं आहे त्यावर तिचा अर्थ बदलतो. हनुवटीवरचा नाहीतर गालावरचा एकच ठिपका रूपासाठी आणि दृष्ट लागू नये म्हणून असतो. कपाळावरचा कुंकवाच्या जागी असतो. आजीच्या कपाळावर तो आहे. आजोबा गेले तेव्हा लोकांनी कुंकू पुसलं. आजी म्हणाली, "ह्यो पुसायला कुणाच्या बापाला जमलं न्हाय." मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं संगती येतं, असं आपल्या म्हाताऱ्या सांगतात ते याच भावनेनं.

राहिली मनगटाजवळची खूण. मी वहीत लिहून ठेवलं होतं, "मोडलेली शिडी, अर्थ शोधायचा." आजीला विचारलं तर ती लाजली. जत्रेत गोंदणारी बसली होती. आजीच्या आईनं पदरात नाचणी बांधून नेली होती. विंचू झाला, ठिपके झाले, तुळस सुरू केली आणि गोंदणारी म्हणाली, एवढ्या नाचणीत एवढंच. ती अर्धी राहिलेली तुळस आहे. तिचा काही गूढ अर्थ नाही. आई दुसऱ्या वर्षी पुरी करू म्हणाली, ते राहूनच गेलं. आजीच्या धाकट्या बहिणीच्या हातावर मात्र पुरी तुळस आहे.

आता साहेबांच्या प्रश्नाकडं परत येऊ. विंचू निघाला म्हणून आपण जिंकलो, असं समजू नका. सख्ख्या बहिणी, एकीच्या हातावर विंचू, दुसरीच्या हातावर तुळस. मग एक आदिवासी आणि दुसरी नाही, असं होईल काय? गोंदणारी बाई बहुतेक वेळा आपल्यातली नसते. ती गावोगाव, बाजारात, जत्रेत फिरते. तिच्याकडं दहा-वीस नक्षी असतात. त्याच नक्षी ती कुणब्याच्या बाईला काढते, धनगराच्या बाईला काढते, ठाकराच्या आणि महादेव कोळ्याच्या बाईलाही काढते. विदर्भात गोंड बायांना ओझा समाजाच्या बाया गोंदतात. नक्षी फिरतीबरोबर फिरते. म्हणून तुळस दिसली म्हणजे आदिवासी नव्हे, हे जसं खोटं, तसं विंचू दिसला म्हणजे आदिवासीच, हेही खोटं.

1994 साली सुप्रीम कोर्टानं महादेव कोळी दाखल्याच्याच एका खटल्यात पडताळणीची रीत घालून दिली. त्यात मूळ गावी जाऊन चौकशी करा, शाळेचे कागद बघा, देव, रूढी, लग्न-मयताच्या रीती विचारा, असं सगळं एकत्र आहे. तेव्हा पोरांनो, पुस्तकातले अर्थ पाठ करून तिथं म्हणू नका. घरातल्या बाईनं सांगितलं तेच, तिच्याच शब्दांत सांगा. आजीला दाणे म्हणायचे असतील तर दाणेच सांगा, पांडव नको.

आणि हे घरी उतरवून ठेवताना चार गोष्टी बघा. एक, शीर आणि गोंदण यांत गफलत होते. बोटानं दाबा. शीर दबते आणि रंग जातो, गोंदण तसंच राहतं. दोन, दुखण्यावर दिलेल्या डागणीचा वण गोंदण समजू नका. वण हाताला उंच आणि गुळगुळीत लागतो, गोंदण सपाट असतं. तीन, फोटोची निगेटिव्ह उलटी लागली तर डावा हात उजवा होऊन येतो, म्हणून फोटोच्या मागं हात कोणता आणि बोटं कुठल्या बाजूला ते लिहा. चार, बाईला तीन प्रश्न विचारा. गोंदणारीनं याला काय नाव सांगितलं? तुझी आई काय म्हणायची? आणि तुझ्याबरोबर त्या दिवशी अजून कुणी गोंदून घेतलं?

तिसरा प्रश्न विसरू नका. आजीनं त्याचं उत्तर देताना वाडीतल्या चार बायांची नावं घेतली. त्यातल्या दोघी अजून हयात आहेत. नातू पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडं वाडीवर जाणार आहे.

जिंदाबाद.