थकलेले कर्ज आणि बँकेची तरतूद

कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला, की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. पीककर्जाला मात्र हंगामाचा हिशेब लागतो.

समजा, तारणावर दिलेले 10 लाखांचे कर्ज असे थकले. व्यापारी बँकेला त्यासाठी 15 टक्के, म्हणजे दीड लाख रुपये नफ्यातून बाजूला काढावे लागतात. पुढचे 12 महिनेही वसुली झाली नाही, तर कर्ज संशयित वर्गात जाते. आता तारणाची किंमत 6 लाखच भरली, तर उघड्या पडलेल्या 4 लाखांची पूर्ण तरतूद करायची, शिवाय तारणाखालच्या 6 लाखांवर पहिल्या वर्षी 25 टक्के. एकूण साडेपाच लाख! म्हणूनच तारणाचे मूल्यांकन ही मला सर्वांत नाजूक जागा वाटते. ते फुगवले, तर तोटा झाकला जातो.

आणि एखादा हप्ता भरून खाते सुधारत नाही, मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी फेडावी लागते.