गोंगाटात लपलेली घूं: ऑटोकोरिलेशन आणि पॉवर स्पेक्ट्रम

बुलडाण्यात चार्जर लावून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं की कधीकधी मागे बारीक "घूं" येते. आपली लाईट 50 हर्ट्झची, ती माईकच्या वायरीत शिरते. वरून पंख्याची सळसळ. आज ही घूं गणिताने शोधू.

समजा सेकंदाला 8000 सॅम्पल घेतले. म्हणजे घूं दर 160 सॅम्पलनंतर स्वतःला परत भेटते. आता रेकॉर्डिंगची एक कॉपी घ्या, थोडी सरकवा, मूळ रेकॉर्डिंगशी गुणा आणि सरासरी काढा. हेच ऑटोकोरिलेशन, आणि जितकं सरकवलं तो लॅग.

निव्वळ व्हाइट नॉइजमध्ये एका सॅम्पलला दुसऱ्याची ओळखच नसते. त्यामुळे लॅग 0 ला पूर्ण पॉवर, बाकी सगळीकडे जवळपास शून्य. त्या एकाच टोकाचा फूरिए ट्रान्सफॉर्म घेतला की सपाट रेषा मिळते, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखी पॉवर. ऑटोकोरिलेशन आणि पॉवर स्पेक्ट्रम ही अशी जोडी आहे, एकातून दुसरं निघतं. वीनरने हे 1930 मध्ये मांडलं, खिंचिनने 1934 मध्ये.

आता नॉइजची पॉवर 1 ठेवू आणि त्यात 0.5 उंचीची साइन वेव्ह टाकू. तिची पॉवर 0.125, नॉइजच्या आठवा हिस्सा. ग्राफ बघून कुणाला काही दिसणार नाही.

```python
import numpy as np
t = np.arange(8000)/8000
x = 0.5*np.sin(2*np.pi*50*t) + np.random.randn(8000)
S = abs(np.fft.fft(x, 16000))**2 / 8000
r = np.fft.ifft(S).real
```

`r[0]` साधारण 1.125 येतो, दोघांची बेरीज. `r[80]` ला -0.12, `r[160]` ला पुन्हा +0.12 च्या आसपास. नॉइजमुळे होणारी हालचाल फक्त 0.01 च्या घरात असते, म्हणून लाट स्पष्ट दिसते. तिकडे `S` मध्ये 50 हर्ट्झला 500 च्या आसपास टोक, आणि बाकीची सरासरी 1.

तो 16000 आकडा उगाच नाही बरं का. मागे शून्यं जोडली नाहीत तर रेकॉर्डिंगचं शेपूट तोंडाशी गुणलं जातं आणि मोठ्या लॅगचं उत्तर भलतंच येतं.

अजून एक. नॉइजचा स्पेक्ट्रम सपाट म्हटला, पण स्क्रीनवर तो काटेरी झुडुपासारखा दिसेल. रेकॉर्डिंग तासभर वाढवलं तरी काटे तेवढेच उंच राहतात, फक्त दाट होतात. ते बसवायचे तर रेकॉर्डिंगचे तुकडे करून त्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी घ्यावी लागते. मात्र तुकडे जितके छोटे, तितकं 50 चं टोक रुंद आणि बुटकं होतं. माझ्या मते घूंसाठी एकेक सेकंदाचे तुकडे पुरतात.

आणि घूं नेमकी लाटेच्या कोणत्या टप्प्यावर सुरू झाली, हे या जोडीतून कधीच कळत नाही. स्वतःशीच गुणल्यावर फेज निघून जाते. त्यामुळे उलटी लाट मिसळून घूं पुसायची असेल, तर फेजसाठी मूळ `x` कडेच परत जावं लागतं.