‘पैसे कट गए, लेकिन निकले नहीं’: कस्टमर केअरशी हिंदीतून बोलताना

आज वही-पेन घेऊन बसा, कारण काही ओळी उतरवून घ्यायच्या आहेत. एटीएममधून पैसे निघाले नाहीत आणि खात्यातून मात्र वजा झाले, तर बँकेच्या कस्टमर केअरला फोन करून हिंदीत काय बोलायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीवर ही वेळ आली. महिन्याची 3 तारीख होती. तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळच्या एटीएममध्ये तिने 4,000 रुपये काढायला कार्ड घातलं. मशीन घरघरलं, पैसे काही आले नाहीत, पण मोबाइलवर मेसेज आला की 4,000 वजा झाले. तिने लगेच फोन लावला आणि घाबरून म्हणाली, ‘मेरा पैसा निकल गया.’ पलीकडचा म्हणाला, ‘पैसा निकल गया तो समस्या क्या है, मैडम?’ ती परत तेच म्हणाली. दोन-तीनदा असं झालं आणि फोन बंद झाला. तक्रार काही नोंदवली गेलीच नाही.

चूक एका शब्दाची होती. आपण मराठीत ‘खात्यातून पैसे निघून गेले’ म्हणतो, तेच तिने हिंदीत बोलून टाकलं. पण एटीएमच्या बाबतीत हिंदीत ‘पैसे निकल गए’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं मशीनमधून पैसे बाहेर आले, म्हणजे काम झालं. खात्यातून वजा होण्याला तिकडे ‘कटना’ म्हणतात. 5 तारखेला गटाच्या बैठकीत आम्ही सगळ्याजणी बसलो, ओळी लिहून काढल्या आणि तिच्याकडून पुन्हा फोन करवला. त्याच ओळी आता सांगतो.

फोन करण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: तारीख, वेळ, रक्कम आणि एटीएमची जागा. स्लिप आली असेल तर तिच्यावर एटीएमचा नंबर असतो, तोही उतरवा. स्लिप आली नाही तरी अडत नाही, वजा झाल्याचा मेसेज मात्र पुसू नका. फोन आपलं खातं ज्या बँकेत आहे तिथेच करायचा, मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी. आणि नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचाच घ्यायचा. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर ठगाचा असू शकतो.

फोन लागला की आधी मशीन बोलतं. मराठीचं बटण सांगितलं तर तेच दाबा, हिंदीचा त्रासच नको. नाहीतर हिंदीचं दाबा. माणूस फोनवर आला की पहिली ओळ:

‘नमस्ते, क्या कोई मराठी में बात कर सकता है?’

मराठीत बोलणारं कुणी आहे का, असं आपण विचारतोय. कधीकधी मिळतं. नाही म्हणाले तर पुढची ओळ:

‘मुझे एक शिकायत दर्ज करानी है।’

‘शिकायत’ म्हणजे आपली तक्रार, ‘दर्ज कराना’ म्हणजे नोंदवून घ्यायला लावणं. इथे ‘तक्रार’ म्हणू नका. हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण. ‘मुझे तकरार करना है’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल बाई भांडायलाच बसली आहे! आता मुख्य ओळ. ही पाठच करा:

‘मेरे खाते से चार हज़ार रुपये कट गए, लेकिन एटीएम मशीन से पैसे नहीं निकले।’

माझ्या खात्यातून चार हजार वजा झाले, पण मशीनमधून पैसे आले नाहीत. ‘कट गए’ आणि ‘नहीं निकले’ हे दोन्ही तुकडे एका दमात म्हणायचे. काही नोटा आल्या आणि काही नाही, असं झालं असेल तर ‘चार हज़ार माँगे थे, दो हज़ार ही मिले’ असं म्हणायचं.

मग समोरून प्रश्न येतात. ‘लेन-देन कब किया था?’ म्हणजे व्यवहार कधी केला. इथे ‘कल’ हा शब्द वापरू नका. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही, ‘परसों’ म्हणजे मागचा परवाही आणि पुढचा परवाही. सरळ तारीख सांगा:

‘तीन तारीख को, शाम चार बजकर बीस मिनट पर।’

चार वाजून वीस मिनिटांनी, एवढाच त्याचा अर्थ. नंतर ते विचारतात, ‘राशि कितनी थी?’ हा प्रश्न ऐकून आमची मैत्रीण क्षणभर गप्प झाली. कुंभ रास सांगायची की काय, असं तिला वाटलं. आम्ही सगळ्या हसलो, पण आमच्यातल्या निम्म्यांना तरी कुठे ठाऊक होतं? बँकेच्या हिंदीत ‘राशि’ म्हणजे रक्कम. उत्तर: ‘चार हज़ार रुपये।’

आकड्यांचं आणखी एक. हिंदीतले मोठे आकडे आपल्यासारखे वाटतात, पण गोंधळ करतात. आपलं एकोणसाठ म्हणजे त्यांचं ‘उनसठ’, आपले अडीच हजार म्हणजे त्यांचे ‘ढाई हज़ार’. म्हणून खातं किंवा मोबाइल नंबर सांगताना एकेक अंक सुटा बोला. सहाला ‘छह’, शून्याला ‘ज़ीरो’ म्हणा. व्याकरण चुकलं तर कुणी अडवत नाही, आकडा चुकला तर तक्रार भलत्याच खात्यावर जाते.

यानंतर ओळख पटवायला ते नाव, जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार अंक विचारतात. याला ते ‘सत्यापन’ किंवा ‘वेरिफिकेशन’ म्हणतात. एवढं सांगायला हरकत नाही. पण बोलणाऱ्या माणसाने पिन, ओटीपी किंवा कार्डाच्या मागचे तीन अंक मागितले, किंवा मोबाइलमध्ये एखादं ॲप घ्यायला सांगितलं, तर ही ओळ म्हणा आणि फोन ठेवून द्या:

‘ये जानकारी मैं नहीं दूँगी।’

ही माहिती मी देणार नाही. पैसे परत करायला बँकेला आपला पिन लागत नाही.

सगळं सांगून झालं की पुष्कळजणी ‘धन्यवाद’ म्हणून फोन ठेवतात. थांबा. खरं काम पुढच्या ओळीत आहे:

‘शिकायत नंबर बताइए, मैं लिख रही हूँ। धीरे बोलिए।’

तक्रारीचा नंबर सांगा, मी लिहून घेतेय, सावकाश बोला. लिहून झाला की तो त्यांना परत वाचून दाखवा: ‘मैं दोहराती हूँ’, म्हणजे मी पुन्हा म्हणते. नंबर नसेल तर आपण फोन केला होता हेच सिद्ध करता येत नाही. आमच्या मैत्रिणीचे 3 तारखेनंतरचे दोन दिवस असेच वाया गेले. लगोलग शेवटचा प्रश्न:

‘पैसे किस तारीख तक वापस आएँगे?’

कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारायचं. ‘कितने दिन में’ विचारलं तर ‘जल्द ही’ असं उत्तर येतं, म्हणजे लवकरच, आणि त्या लवकरला अंत नसतो. आमच्या मैत्रिणीला आधी ‘सात से दस दिन’ सांगितलं. पण रिझर्व्ह बँकेचा 2019 सालचा नियम आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत बँकेने ते परत जमा करायचे. त्यापुढे जेवढे दिवस उशीर होईल, त्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये बँकेने भरपाई म्हणून खात्यात टाकायचे, तेही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. म्हणून तिने कागदावरून वाचलं:

‘रिज़र्व बैंक के नियम से पाँच दिन में पैसे आने चाहिए। उसके बाद रोज़ सौ रुपये हर्जाना मिलना चाहिए।’

‘हर्जाना’ म्हणजे नुकसानभरपाई. पलीकडे थोडी शांतता झाली, मग तो म्हणाला, ‘जी, नोट कर लिया है।’ जी, लिहून घेतलं आहे.

आता हिशोब बघा. व्यवहार 3 तारखेचा, म्हणजे 8 तारखेपर्यंत पैसे यायला हवे होते. आले नाहीत. 9 तारखेला तिने फोन करून विचारलं, ‘मेरी शिकायत की स्थिति क्या है?’ म्हणजे माझी तक्रार कुठवर आली. उत्तर मिळालं, ‘शिकायत बंद हो गई है, लेन-देन सफल था।’ तक्रार बंद झाली, व्यवहार यशस्वी होता. तिचा चेहराच उतरला. असं पुष्कळदा होतं, कारण मशीनच्या नोंदीत नोटा दिल्याचं दिसत असतं. पण मशीनमध्ये किती नोटा भरल्या आणि किती उरल्या, याचाही मेळ घातला जातो. आपले 4,000 आत राहिले असतील तर तिथे तेवढे जास्त सापडतात. म्हणून गप्प बसायचं नाही, ही ओळ म्हणायची:

‘मैं इस जवाब से सहमत नहीं हूँ। मशीन के कैश का मिलान कीजिए, कैमरे की रिकॉर्डिंग देखिए और शिकायत दोबारा खोलिए।’

‘सहमत नहीं’ म्हणजे मला मान्य नाही. ‘मिलान’ म्हणजे ताळा करणं, आपण गटाच्या वहीचा आणि पेटीतल्या रकमेचा करतो तसा. तिला नवा तक्रार नंबर मिळाला. जुन्या नंबराखाली तोही लिहिला, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव घालून.

14 तारखेला 4,000 जमा झाले. फक्त 4,000. 9 तारखेपासून 14 पर्यंत सहा दिवस उशीर, म्हणजे 600 रुपये भरपाई व्हायला हवी होती. घरचे म्हणाले, मूळ पैसे आले ना, आता सोड. आम्ही म्हटलं, लाव फोन:

‘पैसे छह दिन देर से आए हैं। छह सौ रुपये हर्जाना अभी बाकी है।’

पैसे सहा दिवस उशिरा आले, सहाशे रुपये भरपाई अजून यायची आहे. सहा दिवसांचा हिशोब तिने तारखांसह वाचून दाखवला. त्यासाठी आणखी एक फोन करावा लागला, पण 600 रुपये आले.

एवढं करूनही बँकेने दाद दिली नाही तर? तक्रार करून 30 दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. चौकशीचा नंबर 14448, तिथे मराठीतही बोलता येतं. संगणकावरून करायची असेल तर cms.rbi.org.in या ठिकाणी होते, गावातल्या सेवा केंद्रातूनही भरून घेता येईल. तिथे पहिला प्रश्न असतो की बँकेकडे तक्रार कधी केली होती. तेव्हा वहीतला तो तक्रार नंबर काढायचा.