एकाचे दोन दिसतात तेव्हा : चष्म्यातला प्रिझम

आज आम्ही चष्म्याच्या एका वेगळ्या नंबराविषयी बोलणार आहोत. लांबचा नंबर, जवळचा नंबर आपल्याला माहीत असतो. पण काहींच्या चिठ्ठीवर त्याच्या पुढे एक छोटा त्रिकोण काढलेला असतो आणि त्याच्याजवळ एखादा आकडा. तो प्रिझमचा नंबर. एका वस्तूच्या दोन दिसणाऱ्यांना तो दिला जातो.

आधी घरच्या घरी एक तपासणी करा. दोन दिसत असताना एक डोळा हाताने झाका, मग दुसरा झाका. कुठलाही डोळा झाकल्यावर एकच वस्तू दिसत असेल, तर दोन्ही डोळे एका जागी रोखले जात नाहीत असा अर्थ. प्रिझमचा उपयोग इथेच होतो. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत असतील, तर कारण त्या डोळ्यातच आहे. मोतीबिंदू असेल किंवा चष्म्याचा साधा नंबर असेल. तिथे प्रिझम काही करत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. वय पंचावन्न, दहा वर्षांचा मधुमेह. एका सकाळी समोरचा दरवाजा शेजारी शेजारी दोनदा दिसू लागला. डावीकडे पाहिलं की दोघांमधलं अंतर वाढायचं, म्हणून त्या मान डावीकडे वळवून चालू लागल्या. आम्ही त्यांना त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेलं. अचानक दोन दिसू लागलं तर उद्यावर टाकायचं नाही. त्यात पापणी खाली आली, एक बाहुली मोठी दिसली, डोकं प्रचंड दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला, तर तासभरही थांबू नये.

डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा कानाच्या बाजूला वळवणारी नस कमजोर झाली आहे. मधुमेहात नसेचा रक्तपुरवठा कमी झाल्यावर असं होतं. डावा डोळा नाकाकडे ओढला गेला होता, म्हणून दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळत नव्हती. अशी नस बहुतेकदा काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत आपोआप सुधारते, मात्र साखर आणि रक्तदाब ताब्यात हवेत.

आता प्रिझम काय करतो? शाळेत विज्ञानाच्या तासाला काचेचा लोलक दाखवतात, तोच हा. एक बाजू जाड, म्हणजे बूड, आणि दुसरी बाजू पातळ, म्हणजे टोक. त्यातून प्रकाश बुडाकडे वळतो आणि आपल्याला वस्तू टोकाकडे सरकलेली दिसते. ताईंचा डोळा नाकाकडे गेलेला, म्हणून टोक नाकाकडे आणि बूड कानाकडे ठेवायचं. मग वस्तू जिथे डोळा पाहतो आहे तिथेच सरकून येते. डोळा सरळ होत नाही, चित्र डोळ्यापर्यंत आणलं जातं. चिठ्ठीवर बूड कानाकडे असेल तर 'बी.ओ.' लिहितात, नाकाकडे असेल तर 'बी.आय.'. चित्रं एकावर एक, खालीवर दिसत असतील तर बूड वर किंवा खाली देतात.

आकड्याचा अर्थ सोपा आहे. 1 नंबरचा प्रिझम एक मीटर लांबच्या वस्तूला 1 सेंटीमीटर सरकवतो. ताईंना सुरुवातीला 15 नंबर लागला. म्हणजे एक मीटरवर 15 सेंटीमीटर आणि चार मीटरवर 60 सेंटीमीटर. समोरून येणारी बस दोन दिसत होती ती याचमुळे. हा नंबर साध्या चष्म्याच्या नंबरासारखा नाही. त्याने अक्षर मोठं होत नाही, फक्त जागा बदलते.

आणि इथे पैशाचा मुद्दा येतो. पहिल्याच आठवड्यात काचेत घासलेला 15 नंबरचा प्रिझम केला असता, तर दोन महिन्यांत तो निरुपयोगी झाला असता, कारण नस सुधारत होती. म्हणून डॉक्टरांनी फ्रेनेल प्रिझम दिला. ही प्लॅस्टिकची पातळ पट्टी असते, तिच्यावर बारीक रेषा असतात. काचेच्या आकाराला कापून पाण्याने आतल्या बाजूला चिकटवतात. नंबर बदलला की पट्टी काढून दुसरी लावता येते. त्यातून थोडं धूसर दिसतं, ही तिची उणीव. ताईंची पट्टी डाव्या काचेवर लावली होती. सहा आठवड्यांनी त्यांचं माप 8 वर आलं, तेव्हा 8 ची पट्टी लावली.

तीन महिन्यांनी 6 उरले होते आणि पुढे तेवढेच राहिले. सुधारणा थांबलेली पाहून डॉक्टरांनी मेंदूचं स्कॅन करून दुसरं कारण नाही ना, याची खात्री केली. सहा महिने उलटल्यावर मग काचेतला प्रिझम केला, तोही दोन्ही काचांत 3 आणि 3, दोन्हीकडे बूड कानाकडे. बेरीज 6च होते, पण एकच काच जाड आणि जड होत नाही. त्यासाठी लहान फ्रेम घेतली.

डोळ्यांना सवय कशी होते? सुरुवातीचे काही दिवस चौकटीच्या कडा वाकल्यासारख्या वाटतात, पायरीचा अंदाज चुकतो. एक-दोन आठवड्यांत मेंदू जुळवून घेतो. तोवर जिना कठडा धरून उतरा आणि स्कूटर चालवू नका. काहींना काही आठवड्यांनी परत दोन दिसू लागतात. चष्म्याने डोळे बिघडले, असं त्यांना वाटतं. खरं तर इतके दिवस डोळे ताण देऊन चित्र जुळवत होते. प्रिझमने तो ताण सुटला की लपलेलं तिरळेपण बाहेर येतं आणि आकडा वाढवावा लागतो. कायमचा चष्मा करण्याआधी पट्टी लावून पाहण्याचं हेही एक कारण आहे.

नवा चष्मा हाती आल्यावर दोन वस्तूंमधलं अंतर कमी न होता जास्त झालं, तर बूड उलट्या बाजूला बसलं असण्याची शक्यता आहे. चष्मा हातभर लांब धरून काचेच्या मधोमध दाराची उभी चौकट पाहा. बूड कानाकडे असेल तर काचेतला चौकटीचा तुकडा नाकाच्या बाजूला सरकलेला दिसतो. तो कानाकडे सरकलेला दिसला, तर दुकानात परत न्या आणि चिठ्ठी दाखवून यंत्रावर प्रिझम मोजून मागा.

एक मर्यादाही सांगतो. प्रिझमचा आकडा सरळ समोर पाहण्यासाठी बेतलेला असतो. ताईंना अगदी डावीकडे पाहिलं की आजही दोन दिसतात. तिकडे पाहायचं तर त्या नजर न फिरवता मान वळवतात. रस्ता ओलांडतानाही तसंच करतात. जिथे प्रिझमचा आकडा फार मोठा लागतो, तिथे शस्त्रक्रियेचा विचार डॉक्टर करतात.

डॉक्टरांकडे जाताना जुना चष्मा, आधीच्या चिठ्ठ्या आणि साखरेचे रिपोर्ट बरोबर ठेवा. दोन वस्तू शेजारी दिसतात की खालीवर, जवळ जास्त की लांब, कुठल्या बाजूला पाहिल्यावर अंतर वाढतं, हे कागदावर लिहून न्या.