कॉम्प्रेसर ‘गेला’ म्हणण्याआधी

मागच्या मे महिन्यात एका घरी साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर ‘गेला’ असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं. मी एमसीबी बंद केला, कपॅसिटर डिस्चार्ज केला, कॉम्प्रेसरच्या तिन्ही वायरी काढल्या. मल्टिमीटरवर कॉमन-रनिंग ओपन, कॉमन-स्टार्टिंगही ओपन. पण रनिंग-स्टार्टिंगमध्ये ५ ओहम आले! म्हणजे वाइंडिंग तुटलेलं नाही; तापल्यामुळे आतला ओव्हरलोड उघडलाय.

दोन तास थंड होऊ दिला. मग कॉमनपासून २ आणि ३ ओहम. बेरीज बरोबर ५! पाइपचं तांबं घासून प्रत्येक टर्मिनल त्याच्याशी तपासलं. मोठ्या रेंजवरही ओपन, म्हणजे बॉडी शॉर्ट नाही. दोष निघाला कपॅसिटरचा.

फक्त, बारीक लीकेज मल्टिमीटरला दिसत नाही. एमसीबी पडतच राहिला तर मेगर लावा.