स्पर्धा परीक्षेची मराठी वाहिनी : काय फुकट द्यावे आणि कशाचे पैसे घ्यावेत
(अभ्यासिकेतील युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी काही जण तलाठी, पोलीस शिपाई किंवा राज्यसेवेची परीक्षा देऊन बसलेले आहेत. मराठी व्याकरणावर त्यांचा चांगला हात बसला आहे आणि यूट्यूबवर स्वतःची शिकवणीची वाहिनी काढावी असे त्यांच्या मनात आहे. ती काढावी कशी आणि तिच्यावर पोट कसे भरावे, हा आजचा विषय. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो : नियम सांगणे फुकट असावे, तपासून देण्याचे पैसे घ्यावेत. असे का, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम धड्याचा विचार करू. २०२३ सालच्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न मराठीचे होते आणि प्रत्येकाला २ गुण होते. म्हणजे ५० गुण एकट्या मराठीचे. अशा परीक्षेत मुलाला व्याख्या पाठ असून भागत नाही. समोर वाक्य आल्यावर अर्ध्या मिनिटात त्याचा निकाल लावता आला पाहिजे. म्हणून धडा व्याख्येपासून सुरू न करता चाचणीपासून सुरू करावा.

‘प्रयोग’ हा धडा उदाहरणासाठी घेऊ. बहुतेक मुलांनी मनाशी एक सोपी खूण धरलेली असते : कर्त्याला ‘ने’ लागला की कर्मणी प्रयोग. ही खूण निम्म्या वेळी बरोबर येते, म्हणूनच ती घातक आहे. ‘मुलाने आंबा खाल्ला’ येथे ती चालते. ‘आईने मुलास झोपवले’ येथे तीच खूण फसवते, कारण हा भावे प्रयोग आहे. तेव्हा फळ्यावर पहिल्यांदा हीच दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत आणि मुलांना उत्तर द्यायला लावावे. उत्तर चुकले की पुढचे ऐकण्याची गरज त्यांना आपोआप वाटते.

त्यानंतर चाचणी सांगावी. विभक्तीचा प्रत्यय तसाच ठेवून आधी कर्ता बदलून पाहायचा, मग कर्म बदलून पाहायचे. ‘मुलगा आंबा खातो’ याचे ‘मुलगी आंबा खाते’ झाले. कर्त्याबरोबर क्रियापद बदलले, म्हणून कर्तरी. ‘मुलाने आंबा खाल्ला’ याचे ‘मुलीने आंबा खाल्ला’ केले तर क्रियापद हलत नाही, पण ‘मुलाने पोळी खाल्ली’ केले की हलते, म्हणून कर्मणी. ‘आईने मुलास झोपवले’ याचे ‘बाबांनी मुलास झोपवले’ करा, ‘आईने मुलीस झोपवले’ करा, ‘झोपवले’ जागचे हलत नाही, म्हणून भावे. आणि शेवटी ‘तू पत्र लिहिलेस’ हे वाक्य द्यावे. ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ आणि ‘तुम्ही पत्र लिहिलेत’ असे दोन्हीकडून क्रियापद बदलते. हा कर्तृ-कर्मसंकर होय. एवढ्या मालास अठरा-वीस मिनिटे पुरतात.

पण लक्षात घ्या, ज्याला कर्ता आणि कर्म ओळखता येत नाही त्याला ही चाचणी निरुपयोगी आहे. ‘मला आंबा आवडतो’ यात कर्ता कोण, असे विचारले तर कितीतरी मुले ‘मी’ म्हणतात. आपले शालेय व्याकरण विचारते, आवडणारा कोण? आंबा. म्हणून कर्ता आंबा. हे आधीच्या धड्यात पक्के झालेले असले पाहिजे. धड्यांची रांग लावताना हाच नियम पाळावा : पुढचा धडा मागच्या कोणत्या धड्यावर उभा आहे, ते पाहून क्रमांक द्यावा. क्रियापद, मग कर्ता-कर्म, मग विभक्ती, मग प्रयोग. क्रमांक चित्रफितीच्या नावातच लिहावा, म्हणजे मधूनच येणाऱ्या मुलाला आपण कुठे आहोत ते कळते.

धडा लागू पडला की नाही, हे कसे ओळखावे? प्रेक्षकसंख्या ते सांगत नाही. धड्याखाली गूगल फॉर्मवर दहा प्रश्नांची चाचणी जोडावी. कोणत्या पर्यायावर किती मुले गेली, हे तो फॉर्म आपोआप दाखवतो. ‘आईने मुलास झोपवले’ यापुढे बहुसंख्य मुलांनी अजूनही ‘कर्मणी’ निवडले असेल, तर ‘ने’ची जुनी सवय तशीच आहे आणि धडा फुकट गेला असे समजावे. मग तो सगळा पुन्हा करू नये. त्या एकाच गैरसमजावर पाच मिनिटांची पुरवणी द्यावी. यूट्यूबच्या आलेखातही खुणा असतात. सुरुवातीलाच रेघ कोसळली असेल तर आपली प्रस्तावना लांबली आहे. मध्येच एखाद्या ठिकाणी उंचवटा आला असेल तर मुलांनी तो भाग पुन्हा लावून पाहिला आहे. बहुधा तेथे एखादा तक्ता असतो आणि मुले तो उतरवून घेत असतात. तो तक्ता टिपणात गेला पाहिजे.

आता टिपणांविषयी. टिपणे म्हणजे भाषणाची नक्कल नव्हे. एका धड्याला चार पाने पुरेत : पहिल्या पानावर चाचणी आणि तक्ता, पुढच्या दोन पानांवर वीस वाक्ये, शेवटच्या पानावर उत्तरे आणि प्रत्येक उत्तराचे एका ओळीत कारण. मुले ही पाने अभ्यासिकेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या छपाईत काढतात. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरे घातली तर हाती राखाडी डाग येतो. अक्षरे युनिकोडमध्येच टंकित करावीत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना नीट दिसतो, पण मोबाइलवर ‘समास’ हा शब्द शोधायला गेले तर सापडत नाही. आणि ड्राइव्हवर फाइल ठेवल्यावर ‘Anyone with the link’ हा पर्याय निवडला आहे ना, हे दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावे. नाहीतर रात्रभर परवानगी मागणारे निरोप येत राहतात.

टिपणांत काय घालू नये, हेही सांगितले पाहिजे. छापील पुस्तकांची पाने स्कॅन करून आपल्या नावाने वाटणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, मग ते फुकट वाटले तरीही. नियम कोणाच्या मालकीचे नसतात, पण पुस्तकातील मांडणी आणि मजकूर लेखकाचा असतो. वाक्ये आपली स्वतःची बनवावीत. मागील वर्षीचा प्रश्न घेतला तर परीक्षेचे नाव व वर्ष लिहावे आणि उत्तर अंतिम उत्तरतालिकेवरून घ्यावे. लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका काढतो. पहिल्या तालिकेवरून केलेली टिपणे मागाहून चुकीची ठरू शकतात. म्हणून प्रत्येक फाइलवर तारीख असावी.

आता पैशाकडे येऊ. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी यूट्यूबची अट अशी आहे : १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी दर्शने. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एक मुलगा सरासरी सहा मिनिटे थांबत असेल तर ४०,००० वेळा धडा उघडला गेला पाहिजे. व्याकरणाच्या वाहिनीला हे साधते, पण वेळ लागतो. शॉर्ट्सच्या रांगेत पाहिलेली मिनिटे या तासांत धरली जात नाहीत. ‘Unlisted’ ठेवलेल्या धड्यांची मिनिटेही धरली जात नाहीत. अट पुरी झाल्यावर मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा आपला. तरी या पैशावर घरभाडे ठरवू नये, कारण भरतीची जाहिरात निघाली की प्रेक्षक वाढतात आणि परीक्षा संपली की ओसरतात.

दुसरा मार्ग पुष्कळ जण धरतात, तो म्हणजे टिपणे विकणे. तो टिकत नाही. नव्व्याण्णव रुपयांची फाइल एकाने घेतली की ती संध्याकाळी टेलिग्रामवर सर्वांना मिळू शकते. पानावर आपले नाव छापले म्हणून ती थांबत नाही. जी वस्तू पुढे पाठवता येते तिची किंमत फार काळ राहत नाही. मात्र एका मुलाच्या निबंधावर आपण केलेल्या खुणा दुसऱ्याच्या कामाच्या नसतात. त्या तपासणीचे पैसे घेता येतात. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने लिहून तपासून घेण्याची गरजही वाढली आहे.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा, एक निबंध नीट वाचून, खुणा करून, चार ओळींचा अभिप्राय द्यायला वीस मिनिटे लागतात. वीस मुलांची तुकडी घेतली आणि प्रत्येकाचे महिन्याला आठ निबंध तपासले, तर १६० निबंध झाले. म्हणजे सुमारे ५३ तासांचे काम. निबंधाला ६० रुपये धरले तर मुलामागे ४८० आणि एकूण ९,६०० रुपये. पैसे घेण्याच्या सेवेने दोन टक्के कापले तर हाती सुमारे ९,४०० राहतात. आता कोणी म्हणेल, साठ मुले घेऊ. तेव्हा काम १६० तासांवर जाते, तपासणी उरकली जाते आणि अभिप्रायात ‘छान, अजून सराव करा’ एवढेच उरते. ज्या दिवशी दोन मुलांना एकच अभिप्राय लिहिला जाईल, त्या दिवशी तुकडी मोठी झाली असे समजावे. मोठी करायची असेल तर आधी दुसरा तपासनीस शोधावा.

शेवटी एक सावधगिरी. फी घेताना काय मिळणार ते मोजून लिहावे : किती निबंध, किती दिवसांत परत, मध्येच सोडल्यास किती पैसे परत. निवडीची हमी देऊ नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली शिकवणीच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. निवडीच्या खोट्या हमीला त्यांत मनाई आहे. यशस्वी उमेदवाराचे नाव आणि छायाचित्र वापरायचे तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. केवळ निबंध तपासून घेतलेल्या मुलाला ‘आमच्या वर्गाचा यशस्वी विद्यार्थी’ म्हणून मिरवणे अप्रामाणिकपणाचे आहे, कारण घरचे शेवटचे ४८० रुपये देणारा मुलगा त्या छायाचित्राकडे पाहूनच पैसे देतो.

यास्तव सुरुवात लहान करावी. क्रियापदापासून प्रयोगापर्यंतचे चार धडे, त्यांची सोळा पाने आणि चार चाचण्या, एवढे आधी फुकट द्यावे. चाचण्यांतील चुका महिनाभर पाहाव्यात. मगच पाच मुलांची तपासणी सुरू करावी आणि एका निबंधाला खरोखर किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून लिहून ठेवावे. फीचा आकडा त्या वहीतून ठरू द्या.